नवा फोन, नवं गाव: लॉगिनला जादा तपासणी कधी मागायची आणि कधी नाही

गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत अर्धं ठाणं कोकणात उतरलेलं असतं. घोडबंदर रोडवरचा सभासद कणकवलीजवळच्या गावी पोचतो, मुदत ठेवीचं व्याज जमा झालं का ते बघायला पतसंस्थेचं पोर्टल उघडतो, पासवर्ड बरोबर टाकतो आणि पोर्टल म्हणतं, "अनोळखी ठिकाण, ओटीपी टाका." घरात रेंजची एक काडी. ओटीपी येतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. तीन वेळा असं झालं की खातं लॉक. याच पोर्टलवर एखाद्या चोराने चोरलेला पासवर्ड घेऊन ठाण्यातल्याच कुणाच्या तरी इंटरनेट जोडणीतून प्रवेश केला, तर ठिकाण ओळखीचं असल्यामुळे त्याला कुणी काही विचारत नाही.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. नवं उपकरण आणि नवं ठिकाण यांना एकाच मापाने मोजलेलं असतं. उपकरण हा भक्कम पुरावा आहे, कारण त्याची खूण तुम्ही स्वतः त्याच्यात ठेवता. ठिकाण हा अंदाज आहे, तोही दुसऱ्याने केलेला. हा फरक धरून जोखमीवर आधारलेली लॉगिन तपासणी कशी उभारायची ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. उदाहरणासाठी ठाण्यातली एक मध्यम आकाराची पतसंस्था धरू. शाखा नौपाडा, वागळे इस्टेट आणि ऐरोलीत, सभासद दहा-बारा हजार. पोर्टलवर खातेउतारा दिसतो, ठेव मुदतीआधी मोडण्याचा अर्ज करता येतो आणि पैसे जमा व्हायचं बँक खातं बदलता येतं. शेवटची दोन कामं लक्षात ठेवा, चोराला तीच हवी असतात.

आधी नोंदी नीट करा

गुण देण्याआधी प्रत्येक लॉगिनची नोंद हवी: वेळ, सभासद क्रमांक, आयपी, आयपीचं नेटवर्क, उपकरणाची खूण मिळाली की नाही, पासवर्ड बरोबर की चूक, जादा तपासणी मागितली का, तिचा निकाल काय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, त्यामुळे जागेचा हिशेब तेवढ्याचा धरा. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र नोंदीत कधीच जाऊ देऊ नका, चुकलेला पासवर्डसुद्धा नाही. चुकलेला पासवर्ड बहुतेक वेळा खऱ्यापासून एकाच अक्षराने लांब असतो.

इथली सगळ्यात नेहमीची चूक आयपीची. पोर्टलच्या पुढे लोड बॅलन्सर किंवा प्रॉक्सी असेल तर ॲप्लिकेशनला सगळे सभासद एकाच आयपीवरून आलेले दिसतात. मग कुणीतरी `X-Forwarded-For` मधला पहिला आयपी उचलतो आणि काम झालं असं समजतो. पण तो पहिला आकडा वापरणारा स्वतः हवा तो लिहून पाठवू शकतो. बरोबर पद्धत अशी: यादी उजवीकडून वाचायची, आपल्या स्वतःच्या प्रॉक्सींचे आयपी सोडत यायचं, आणि आपला नसलेला पहिला आयपी घ्यायचा. हे जमलं की नाही ते पाच मिनिटांत कळतं. आपल्या फोनवरून मोबाइल डेटावर लॉगिन करा आणि नोंदीतला आयपी खरंच तुमच्या मोबाइल कंपनीचा आहे का ते बघा. तो `10.` किंवा `192.168.` ने सुरू होत असेल, तर पुढचं सगळं थांबवून आधी हे दुरुस्त करा.

उपकरणाची खूण

उपकरण ओळखायचं म्हणजे ब्राउझरचं नाव, स्क्रीनचा आकार, भाषा यांची मोट बांधून ठसा तयार करायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यावर मुख्य भार टाकू नका. २०२३ पासून अँड्रॉइडवरचं क्रोम आपला खरा मॉडेल क्रमांक सांगत नाही, कुठल्याही फोनवर `Android 10; K` एवढंच पाठवतं. तुमच्या सभासदांचे हजारो फोन त्या ओळीपुरते एकसारखे दिसतात, आणि चोराचाही तसाच दिसतो.

त्याऐवजी पहिली तपासणी पार पडली की सर्व्हरने उपकरणात एक यादृच्छिक खूण कुकी म्हणून ठेवायची:

```
Set-Cookie: __Host-dev=<32 random bytes, base64url>; Max-Age=15552000; Path=/; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

१५५५२००० सेकंद म्हणजे १८० दिवस. क्रोम ४०० दिवसांपलीकडची मुदत मानत नाही, त्यामुळे "कायमची" कुकी हा प्रकार तसाही उरलेला नाही. कुकी जावास्क्रिप्टमधून लिहू नका. सफारी तशा कुकी सात दिवसांत पुसतं आणि आयफोनवाले सभासद दर आठवड्याला "नवं उपकरण" ठरतात. सर्व्हरवर खूण जशीच्या तशी साठवू नका, तिचा `SHA-256` हॅश साठवा. डेटाबेस फुटला तरी त्यातून कुणाच्या फोनची नक्कल करता येऊ नये.

तक्त्यात उपकरण आणि सभासद यांचं नातं अनेकास-अनेक ठेवा. एकच फोन नवरा-बायको दोघं वापरतात, आणि मुलगा आईच्या खात्यात त्याच्या लॅपटॉपवरून डोकावतो. नोंद उपकरणाची नसते, "हा सभासद या उपकरणावर" अशा जोडीची असते. आईला ओळखीचा असलेला लॅपटॉप काकांच्या खात्यासाठी अनोळखीच राहिला पाहिजे. आणि "हे उपकरण लक्षात ठेवा" ही चौकट आधीपासून टिक केलेली नसावी, कारण काही जण सोसायटीच्या ऑफिसमधल्या संगणकावरूनही लॉगिन करतात.

कुकी चोरीला जाऊ शकते. संगणकात शिरलेली काही मालवेअर पासवर्डसोबत ब्राउझरमधल्या कुकीही उचलतात. म्हणून प्रत्येक यशस्वी लॉगिनला खूण बदलायची आणि जुनी रद्द करायची. जुनी खूण पुन्हा कुठून आली, तर दोघांपैकी एकाकडे नक्कल आहे हे उघड होतं.

ही कल्पना चांगली आहे, पण घाईने लिहिली की फसते. सभासद कल्याणकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस गाडीत आहे, कळवा गेल्यावर त्याने लॉगिनचं बटण दाबलं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. सर्व्हरला विनंती पोचली, त्याने खूण बदलली, नवी खूण पाठवली. पण ते उत्तर फोनपर्यंत आलंच नाही. फोनकडे अजून जुनीच खूण आहे. गाडी बोगद्यातून बाहेर पडल्यावर तो पुन्हा प्रयत्न करतो आणि सर्व्हर प्रामाणिक सभासदाला चोर ठरवतो. उपाय सोपा आहे: नवी खूण पाठवल्याबरोबर जुनी मारायची नाही. नवी खूण फोनकडून पहिल्यांदा परत आलेली दिसली की मगच जुनी रद्द करायची. त्यानंतर जुनी दिसली तर ती नक्कल समजा, त्या जोडीच्या सगळ्या खुणा रद्द करा आणि पूर्ण तपासणी मागा.

ठिकाण: किती विश्वास ठेवायचा

आयपीवरून शहर शोधण्यासाठी बहुतेक जण `GeoLite2-City.mmdb` सारखी फाइल वापरतात. ती अक्षांश-रेखांशासोबत `accuracy_radius` नावाचा आकडा किलोमीटरमध्ये देते. हा आकडा दुर्लक्षित राहतो आणि तिथेच घोळ होतो. ५ आणि २०० या दोन्ही त्रिज्यांना "ठाणे" असंच उत्तर येतं, पण दुसऱ्याचा अर्थ "ठाणे, किंवा पुणे, किंवा नाशिक" असा आहे.

मोबाइल डेटावर परिस्थिती आणखी सैल असते. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एका सार्वजनिक आयपीमागे ठेवतात आणि तो आयपी ग्राहक उभा आहे तिथला नसतो, कंपनीच्या गेटवेचा असतो. सकाळी ९:१० ला सभासद घरच्या वायफायवर असतो, ठाणे. ९:४० ला ऐरोलीच्या लोकलमध्ये मोबाइल डेटावर येतो आणि आयपीच्या फाइलला तो पुण्यात दिसतो, कधी दिल्लीतही दिसतो. माणूस ऐरोलीच्या फलाटावरच असतो.

म्हणून "अशक्य प्रवास" मोजताना दोन्ही त्रिज्या अंतरातून वजा करा:

```python
from math import radians, sin, cos, asin, sqrt

def km(lat1, lon1, lat2, lon2):
    a, b = radians(lat1), radians(lat2)
    h = sin((b-a)/2)**2 + cos(a)*cos(b)*sin(radians(lon2-lon1)/2)**2
    return 2 * 6371 * asin(sqrt(h))

def speed(p, c):          # p: previous login, c: current login
    d = km(p.lat, p.lon, c.lat, c.lon) - p.radius - c.radius
    hours = max((c.t - p.t) / 3600, 0.25)
    return max(d, 0) / hours
```

वरचंच उदाहरण यात घालून बघा. ठाणे ते पुणे हवाई अंतर सुमारे १२० किलोमीटर. घरच्या वायफायची त्रिज्या २० आणि मोबाइलची १०० धरली तर उरतं जवळपास शून्य, म्हणजे वेग शून्य, शंका नाही. दिल्ली दिसली तर अंतर सुमारे ११३० किलोमीटर, १२० वजा केले तरी १०१०, आणि ते अर्ध्या तासात, म्हणजे ताशी २००० किलोमीटरच्या वर. विमानाची मर्यादा म्हणून साधारण ९०० धरतात, तिच्या दुप्पट. त्रिज्येने पुण्याचा प्रश्न सुटला, दिल्लीचा नाही.

दिल्लीसाठी दुसरा नियम लागतो: दोनपैकी एकही लॉगिन मोबाइल नेटवर्कवरून असेल आणि उपकरणाची खूण ओळखीची असेल, तर देशांतर्गत अशक्य प्रवासाला शून्य गुण. नेटवर्क ओळखण्यासाठी एएसएन, म्हणजे आयपी ज्या नेटवर्कचा आहे त्याचा क्रमांक, वापरा. एअरटेलचं मोबाइल नेटवर्क `AS45609` खाली आणि ब्रॉडबँड `AS24560` खाली दिसतं, त्यामुळे तिथे फरक करता येतो. जिओचा फोन आणि जिओचं फायबर दोन्ही `AS55836` मध्ये येतात, तिथे फरक करता येत नाही. आमचं मत असं की तो संपूर्ण क्रमांक "ठिकाण भरवशाचं नाही" या गटात टाकावा. थोडी माहिती हातची जाते, पण त्या माहितीवर विसंबून रोज शेकडो खऱ्या सभासदांना अडवण्यापेक्षा ते बरं.

ब्राउझरकडून जीपीएस मागावं का? लॉगिनसाठी नको. लोक परवानगी नाकारतात, आणि चोराला खोटं ठिकाण देणं दोन क्लिकचं काम आहे.

गुण कसे द्यायचे

सुरुवातीला यंत्रशिक्षण वगैरे लागत नाही. चार गट आणि मोजके आकडे पुरतात, आणि सभासदाने काउंटरवर येऊन "मला का अडवलं?" असं विचारलं तर कर्मचाऱ्याला उत्तर देता येतं.

- उपकरण: खूण ओळखीची ०, खूण नाही ४०.
- ठिकाण: देशात नवं शहर १० (मोबाइल नेटवर्क असेल तर ५), अशक्य प्रवास ३०, परदेश ३५.
- नेटवर्क: घरचं किंवा मोबाइल ०, डेटासेंटर किंवा व्हीपीएन २५.
- खात्याची स्थिती: मागच्या १५ मिनिटांत तीनपेक्षा जास्त चुकलेले पासवर्ड २०, मागच्या ७२ तासांत पासवर्ड किंवा मोबाइल नंबर बदललेला २५.

गटातले गुण एकमेकांत मिळवायचे नाहीत, गटातला सगळ्यात मोठा एकच घ्यायचा. परदेशातून आलेलं लॉगिन हे नवं शहरही असतं आणि बहुधा अशक्य प्रवासही. ती एकच गोष्ट तीन नावांनी मोजली तर ७५ गुण होतात आणि दुबईला कामाला गेलेला सभासद स्वतःच्याच फोनवर अडकतो. चार गटांतून आलेले चार आकडे मात्र बेरजेत घ्या. बेरीज ३० च्या खाली असेल तर सरळ प्रवेश, ३० ते ६९ असेल तर जादा तपासणी, ७० आणि वर असेल तर पोर्टलवरून प्रवेश नाही, ओळखीच्या उपकरणावरून मंजुरी किंवा शाखा.

रात्रीची वेळ आम्ही यात धरलेली नाही. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत पाळीत काम करणारे सभासद रात्री अडीचला उतारा बघतात, त्यातून काही सिद्ध होत नाही.

आता आकडे चालवून बघू. कणकवलीला गेलेला सभासद, तोच फोन, मोबाइल डेटा: उपकरण ०, नवं शहर ५, एकूण ५. सरळ आत. त्याच्या फोनवर विसर्जनाच्या दिवशी पाणी पडलं आणि त्याने तिथेच नवा घेतला: ४० अधिक ५, एकूण ४५, जादा तपासणी. हे योग्यच आहे. परदेशातल्या डेटासेंटरवरून चोरलेल्या पासवर्डने आलेला चोर: ४० अधिक ३५ अधिक २५, एकूण १००. बंद.

आणि मुद्द्याचा चोर, ज्याने भाड्याने मिळणारी घरगुती प्रॉक्सी घेऊन ठाण्यातलाच ब्रॉडबँड आयपी मिळवला: ठिकाण ०, नेटवर्क ०, पासवर्ड पहिल्याच झटक्यात बरोबर. तरीही उपकरणाचे ४० उरतात आणि तपासणी होते. ठिकाणाचे गुण कितीही कमी-जास्त करा, एकटं नवं उपकरण ३० ची रेषा ओलांडेल आणि एकटं नवं देशांतर्गत शहर कधीच ओलांडणार नाही, हे गणित मोडू देऊ नका. नंतर कुणी तक्रारी आल्या म्हणून उपकरणाचे गुण ४० वरून २५ वर आणले, की सगळी यंत्रणा शोभेची राहते.

जादा तपासणी म्हणजे काय मागायचं

शक्य असेल तिथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली आणि त्याच्या स्क्रीन लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली. ती ज्या संकेतस्थळासाठी बनवली त्याच्याशीच बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. दुसरा पर्याय ऑथेंटिकेटर ॲपमधला ३० सेकंदांनी बदलणारा कोड. तो फोनवर रेंज नसतानाही तयार होतो, त्यामुळे कोकणातल्या सभासदाला मोठा आधार आहे. सर्व्हरवर मागचा आणि पुढचा एक-एक कोड चालू द्या, फोनचं घड्याळ थोडं पुढे-मागे असतं. पण एकदा वापरलेला कोड लगेच दुसऱ्यांदा चालता कामा नये.

तरी बहुतांश सभासदांसाठी एसएमएस ओटीपीच असणार, तेव्हा तो नीट करा. सहा आकडे, पाच मिनिटांची मुदत, पाच चुका झाल्या की रद्द, आणि ज्या लॉगिनसाठी मागितला त्याच्याशीच बांधलेला. मजकुरात कारण लिहा: "नव्या उपकरणावरून लॉगिनसाठी". कर्ज मंजुरीच्या नावाखाली फोन करून ओटीपी मागणाऱ्याला ते वाक्य आडवं येतं. मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या व्यावसायिक एसएमएस नोंदणी यंत्रणेवर, मंजूर झालेल्या साच्याशी जुळायलाच हवा. कुणी साच्याबाहेर एखादा शब्द बदलला की संदेश वाटेतच अडतो, तुमच्या सर्व्हरवर "पाठवला" दिसतं आणि सभासद वाट बघत बसतो. मराठी मजकुराला एका एसएमएसमध्ये १६० नाही, ७० अक्षरंच मिळतात. त्याहून लांब झाला की दोन तुकडे होतात आणि कमजोर रेंजमध्ये एकच तुकडा पोचतो. म्हणून आकडा वाक्याच्या सुरुवातीला ठेवा.

जुन्या फोनवर "हो / नाही" अशी मंजुरी मागत असाल तर नुसतं बटण ठेवू नका. चोर मध्यरात्री वीस वेळा विनंती पाठवतो आणि वैतागलेला माणूस विसाव्या वेळी "हो" दाबतो. नव्या उपकरणावर दोन आकडे दाखवा आणि ते जुन्या फोनवर टाकायला लावा. पलीकडच्या पडद्यावर काय आहे ते माहीत नसलेला माणूस चुकूनही मंजुरी देऊ शकणार नाही.

जे पेमेंट हाताळतात त्यांच्यासाठी एक मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी (लागू १ एप्रिल २०२६ पासून) डिजिटल पेमेंटसाठी किमान दोन घटक कायम ठेवले आहेत. ठिकाण, उपकरण, वापराची सवय बघून त्यावर आणखी तपासणी लावता येते. म्हणजे कमी गुण आले म्हणून पेमेंटचा दुसरा घटक गाळायचा, असा अर्थ काढू नका.

नव्या उपकरणाला २४ तासांची उमेदवारी

इथपर्यंत सगळं नीट केलं तरी एक वाट उघडी राहते. सभासदाला खोट्या पानावर नेलं, त्याने पासवर्ड टाकला, चोराने तो खऱ्या पोर्टलवर टाकला, ४० गुण झाले, ओटीपी सभासदाच्या फोनवर गेला आणि त्याने तोही खोट्या पानावरच टाकला. तपासणी "यशस्वी". चोराच्या लॅपटॉपला आता ओळखीची खूण मिळाली.

म्हणून तपासणी पार केली की उपकरण लगेच विश्वासू होत नाही. पहिले २४ तास त्यावरून उतारा बघता येईल, पण बँक खातं बदलणं, मोबाइल नंबर बदलणं आणि ठेव मोडण्याचा अर्ज ही तीन कामं होणार नाहीत. ती हवीच असतील तर पासकी, जुन्या उपकरणावरची मंजुरी किंवा शाखा. नवं उपकरण जोडलं गेलं की त्याच मिनिटाला जुन्या उपकरणांवर, ईमेलवर आणि एसएमएसने कळवा, आणि त्यात "हे मी केलं नाही" असा एकच दुवा ठेवा. तो दाबला की उपकरण रद्द, सगळी सत्रं बंद, पासवर्ड बदलायला लावा. चोराला मिळालेले २४ तास सभासदालाही मिळतात, आणि बहुतेक सभासद त्या वेळेत संदेश वाचतात.

मोबाइल नंबर नुकताच बदललेला असेल तर हा काळ ७२ तास करा. नंबर बदलून घेणाऱ्या चोराकडे ओटीपी नेहमीच्या मार्गानेच येतो, त्यामुळे तिथे ओटीपीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पासवर्ड बरोबर असेल तेव्हाच तपासणीचं पान येतं, त्यामुळे चोराला पासवर्ड खरा असल्याचं तिथेच कळतं. हे पूर्ण लपवता येत नाही. पण २४ तासांत दोनदा पासवर्ड बरोबर आणि तपासणी अपूर्ण, असं दिसलं तर सभासदाला कळवा आणि त्याच्या ओळखीच्या फोनवरून पासवर्ड बदलायला लावा.

चालू करण्याआधी चार आठवडे नुसतं बघा

गुण मोजा, नोंदवा, पण कुणाला अडवू नका. पहिल्या दिवशी कुणाच्याच फोनवर खूण नसते, म्हणजे सगळेच "नवे". ही कुकी चार आठवडे आधीपासून वाटायला सुरुवात केली तर नियमित येणारे सभासद ओळखीचे झालेले असतात. मात्र या काळात वाटलेल्या खुणा तपासणीशिवाय दिलेल्या आहेत. त्यांना वेगळी निशाणी लावा आणि यंत्रणा सुरू झाल्यावर पहिल्या संवेदनशील कामाच्या वेळी एकदा तपासणी करून त्या पक्क्या करा.

चार आठवड्यांनी तीन आकडे काढा: किती टक्के लॉगिनांना तपासणी लागली असती, त्यात उपकरणामुळे किती आणि केवळ ठिकाणामुळे किती. शेवटचा आकडा शून्याच्या जवळ नसेल, तर बेरजेत किंवा मोबाइल नेटवर्कच्या यादीत चूक आहे. तपासणी एका सभासदाला महिन्यातून दोनदा लागत असेल तर कुकी टिकत नाही असं समजा. गुणांना हात लावण्याआधी कुकीचा शोध घ्या. एखाद्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये दुवा उघडला जातो आणि तिथली कुकी वेगळी असते, हे कारण अनेकदा सापडतं.

सुरुवात गणपती किंवा दिवाळीच्या आठवड्यात करू नका. गणपतीत ठिकाणं बदलतात, दसरा-दिवाळीला फोन बदलतात. त्या आठवड्यांत तपासण्यांचा आकडा वाढला म्हणून कुणी घाबरून मर्यादा सैल केल्या, असं व्हायला नको. मागच्या वर्षीच्या त्याच सणाशी तुलना करा, मागच्या आठवड्याशी नाही.

फोनच हरवला तर

सगळ्या कड्या मजबूत केल्या की चोर मदत कक्षाकडे वळतो. "फोन हरवलाय, नंबरही बंद आहे, वडील दवाखान्यात आहेत, लगेच ठेव मोडायची आहे." फोनवर उपकरण जोडून देण्याची सोय ठेवू नका, कितीही रडगाणं ऐकू आलं तरी. जन्मतारीख आणि पॅन क्रमांक ही ओळख नव्हे, ते दोन्ही कर्जाच्या अर्जाच्या फोटोप्रतीत सहज मिळतात.

सभासद जवळच्या शाखेत यावा. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने फोटो आणि सही नोंदीशी ताडून अर्ज भरावा आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या लॉगिनवरून तो मंजूर करावा. दोघांची नावं नोंदीत राहिली पाहिजेत. घराबाहेर न पडू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी कर्मचाऱ्याने घरी जाऊन तेच करावं. अशा रीतीने जोडलेल्या उपकरणालाही २४ तासांची उमेदवारी लागूच राहते, शाखेतून जोडलं म्हणून सूट नाही. खरोखर तातडीचे पैसे हवे असतील तर सभासद काउंटरवर उभाच आहे, ठेव तिथेच मोडता येते.